भाच्याने घड्याळ पुढे केलं आणि संत्री पिकली

माझा गेम अगदी साधा. संत्र्याचं झाड लावा, चार तास थांबा, फळं तोडा, विका. नोकरी सांभाळून, धरमपेठेतल्या भाड्याच्या खोलीत रात्री बसून मी तो अँड्रॉइडसाठी कोटलिनमध्ये लिहिला. पहिला खेळाडू म्हणजे माझा भाचा, सहावीतला. दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे इतकी नाणी, की मला वाटलं हिशेबातच काहीतरी चुकलंय. विचारलं तर म्हणाला, "मामा, चार तास काऊन थांबायचं? सेटिंगमध्ये तारीख उद्याची करून टाक ना."

चूक माझीच होती. झाड लावल्याची वेळ आणि आत्ताची वेळ, दोन्ही मी `System.currentTimeMillis()` मधून घेत होतो. हे भिंतीवरचं घड्याळ, त्याचे काटे कुणीही फिरवावेत.

पहिला उपाय सुचायला पाच मिनिटं लागली, निस्तरायला आठवडा. गेमने आजवर पाहिलेली सगळ्यात पुढची वेळ साठवायची आणि घड्याळ तिच्या मागे गेलं की गेम थांबवायचा. घड्याळ पुढे नेणाऱ्याला हा उपाय अडवत नाहीच, फक्त घड्याळ परत मागे आणल्यावर शिक्षा होते. ती शिक्षा झाली आमच्या ताईला. तिच्या जुन्या फोनवर साल एकाने पुढे होतं, तिला पत्ताही नव्हता. कुणीतरी ते नीट करून दिलं आणि गेमने तिला वर्षभरासाठी बाहेर बसवलं! लबाडी पकडायच्या नादात मी सरळ माणसाला धरलं होतं. तो कोड त्याच रात्री उडवला.

मग डोकं वेगळीकडे लावलं. फोनमध्ये दुसरंही एक घड्याळ असतं, `SystemClock.elapsedRealtime()`. फोन सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद गेले एवढंच ते मोजतं, फोन झोपलेला असतानाचेही. सेटिंगमधून त्याला हात लावता येत नाही. (त्याचा भाऊ `uptimeMillis()` फोन गाढ झोपला की थांबतो, त्यामुळे इथे निरुपयोगी. मी आधी तोच वापरला होता.) पण आज तारीख कोणती, हे या घड्याळाला ठाऊक नसतं. म्हणून नेट असताना माझ्या सर्व्हरकडून खरी वेळ घ्यायची, त्याच क्षणी हे घड्याळ वाचायचं आणि दोन्ही आकडे जोडीने साठवायचे. पुढे नेट असो वा नसो:

```
val now = serverTime +
  (SystemClock.elapsedRealtime() - savedElapsed)
```

भाच्याने तारीख महिनाभर पुढे नेली. झाड हललं नाही. मी खूश.

ही खुशी काटोलच्या मित्राने मोडली. त्याच्या वाडीत नेटवर्क नसतं. फोन आला, "अबे, रात्री लावलेलं झाड सकाळी पिकलंच नाही, तुझा गेम झोपला का बे?" त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. रात्री 8 वाजता घरी नेट असताना त्याने झाड लावलं, तेव्हा फोन सुरू होऊन 6 तास झाले होते. 10 वाजता बॅटरी संपली, 11 वाजता फोन पुन्हा सुरू केला. सकाळी 6 वाजता वाडीत गेम उघडला, तेव्हा फोन सुरू होऊन 7 तास झालेले. माझ्या सूत्राने सातातून सहा वजा केले आणि एकच तास गेला असं ठरवलं. खरे गेले होते 10.

फोन बंद-चालू झाला की हे घड्याळ शून्यावरून सुरू होतं, एवढं मला माहीत होतं. आकडा आधीपेक्षा कमी दिसला तर जोडी रद्द, अशी अट मी घातलीही होती. पण सात सहापेक्षा जास्त, त्यामुळे अटीला काही कळलंच नाही. यावर इलाज `Settings.Global.BOOT_COUNT`, फोन कितव्यांदा सुरू झाला त्याचा आकडा. अँड्रॉइड 7 पासून तो मिळतो. आता तोही जोडीसोबत साठवतो आणि बदललेला दिसला की जुनी जोडी फेकून देतो.

मग नेट नसेल तर? इथे मी बराच अडलो. फोनच्या घड्याळावर विश्वास ठेवला तर भाचा फोन बंद-चालू करून तारीख बदलणार. शेवटी असं ठरवलं: फोन बंद व्हायच्या आधी गेमने पक्की मोजलेली वेळ झाडाच्या खात्यात जमा राहते, पुढची वेळ अडकून राहते आणि झाडाखाली "नेट लागलं की मोजू" असं दिसतं. नेट आलं की अख्खे 10 तास जमा. मित्राचं नुकसान काही नाही, गावात येईपर्यंत थांबावं लागतं तेवढंच. तो अजून कुरकुरतो आणि त्याचं चुकतही नाही.

रूट केलेल्या फोनवर साठवलेले आकडेच कुणी बदलले, तर यातलं काहीच टिकत नाही. त्यासाठी झाडंच सर्व्हरवर ठेवावी लागतील, आणि मग वाडीत गेम उघडणारच नाही. ते मी करणार नाही.

भाचा सध्या विमान मोड लावून फोन बंद-चालू करून बघतोय.