जास्तीचे दोन सेकंद

आमची कॅलिब्रेशन लॅब सातपूरला. आमच्याकडे बहुतेक व्हर्निअर आणि प्रेशर गेज येतात, घड्याळ क्वचितच. म्हणून हा पल्स काउंटर आला तेव्हा मला जरा बरं वाटलं. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक पल्स देतो, तो हा मोजतो. उपग्रहांतल्या अणुघड्याळांवर चालणारी ती पल्स असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं सरकत नाही.

कंपनीची तक्रार एका ओळीची होती: काउंटर पुढे पळतो. १ जानेवारी २०१५, पहाटे ५:३० ला तो शून्यावरून सुरू केलेला, १ जानेवारी २०२० ला त्याच वेळी वाचलेला. त्यांच्या साहेबांनी एक्सेलमध्ये तारखा वजा केल्या: १८२६ दिवस, गुणिले ८६,४००, म्हणजे १५,७७,६६,४०० सेकंद. काउंटरवर मात्र शेवटचे आकडे ४०२. दोन सेकंद जास्त, सबब मशीन रिजेक्ट. एक्सेलवर लोकांचा देवावर नसेल एवढा विश्वास असतो.

मला खटकलं ते बरोब्बर दोन असणं. घड्याळ पळत असेल तर फरक रोज थोडा थोडा वाढतो. म्हणून पाच वर्षांची लॉग फाइल मागवली. जून २०१५ अखेरपर्यंत फरक शून्य. १ जुलैच्या पहाटेपासून एक, आणि पुढे दीड वर्ष एकच. २०१७ च्या पहिल्या पहाटेपासून दोन, नंतर काहीच बदल नाही. उतार नाही, दोन पायऱ्या! दुसऱ्या पायरीपाशी फाइल अशी होती:

```
05:29:58  63158399
05:29:59  63158400
05:29:59  63158401
05:30:00  63158402
```

एकोणसाठावा सेकंद दोनदा आलाय. पृथ्वीची गिरकी अगदी सारखी नसते, म्हणून अधूनमधून यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत एक जास्तीचा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घालतात. तो यूटीसीच्या मध्यरात्री पडतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी. त्याचं खरं नाव ५:२९:६०, पण लॉगच्या लिनक्स पीसीला साठावा सेकंद लिहिता येत नाही, म्हणून तो आधीचाच पुन्हा लिहितो. काउंटरला तारीख कळतच नाही. त्याने आलेली पल्स मोजली. एक्सेल मात्र प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतं. त्या पाच वर्षांत ३० जून २०१५ आणि ३१ डिसेंबर २०१६ हे यूटीसीचे दोन दिवस ८६,४०१ सेकंदांचे होते.

रिपोर्टमध्ये मी काउंटर बरोबर असल्याचं लिहिलं आणि हिशोबात लीप सेकंदांचा वेगळा रकाना जोडला. साहेबांचा लगेच फोन: "मग २०३५ पर्यंतचा रकाना भरूनच द्या ना, दरवर्षी कोण बघणार?" तो भरता येत नाही. सेकंद घालायचा की नाही, हे पृथ्वीची गती मोजून आयईआरएस ही संस्था बुलेटिन सी मधून साधारण सहा महिने आधी कळवते. २०१७ नंतर एकही घातलेला नाही, पण म्हणून पुढच्या ओळींत शून्य लिहून सही करायला मी तयार नव्हतो. त्या ओळी कोऱ्याच ठेवून रिपोर्ट पाठवला. त्यांचा ऑडिटर आता कोऱ्या रकान्यावर अडलाय.