उत्तर नको असलेल्या शुभेच्छा

मैत्रिणीचं बाळ पाच आठवड्यांचं आहे. आई झाल्यानंतरचा तिचा हा पहिलाच सण. शुभेच्छा लिहायला फोन घेतला आणि "मजेत साजरा कर" एवढं लिहून पुसून टाकलं. मजा करायची कधी, हेही मग सांगावं लागेल!

तान्हं बाळ 24 तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पितं. म्हणजे दर दोन-तीन तासांनी, पण हे अंतर मोजायचं ते पाजायला घेतल्यापासून. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं यातच तास निघून जातो. उरलेल्या वेळात तिचं जेवण, अंघोळ, झोप आणि आल्यागेल्याशी हसून बोलणं. त्यात संध्याकाळी बरीच बाळं तासन्‌तास अंगाला चिकटून असतात. ठेवलं की रडतात, घेतलं की पुन्हा पितात. आणि सणाची माणसं घरी येतात तीही नेमकी संध्याकाळीच. कोणीतरी बोलून जातं, "दूध पुरत नाही वाटतं." सहाव्या आठवड्याच्या सुमाराला रडणं असंही सगळ्यात जास्त असतं, हे मात्र त्या वेळी कोणाला आठवत नाही.

म्हणून तिला लिहिलं: "आज संध्याकाळी तो सारखा पीत राहिला तर घाबरू नकोस. दिवसाला सहा-सात लंगोट नीट ओले होताहेत, वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. पाहुण्यांसमोरून उठून खुशाल आतल्या खोलीत जा."

व्हॉइस नोट पाठवली नाही. बाळ छातीवर झोपलेलं असताना ती ऐकणार कशी? मजकूर एका अंगठ्याने वर सरकवत वाचता येतो, रात्री तीन वाजताही. बाळाचा फोटो मागितला नाही, "रात्री झोपतो का गं?" हेही विचारलं नाही. या वयात रात्रभर झोपणारं बाळ विरळाच, पण प्रश्न विचारला की आईला उगाच नापास झाल्यासारखं वाटतं. सुरुवात मात्र तिच्या नावाने केली. सध्या घरीदारी तिला सगळे "बाळाची आई" म्हणूनच हाक मारताहेत.

एक वाक्य लिहावं की नाही, यावर बराच विचार केला. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. तिला अजूनही तसं होत असेल, बाळ झोपल्यावरही झोप लागत नसेल, तर ते डॉक्टरांना सांगायला हवं. सणाच्या शुभेच्छांत हे विचित्र दिसलं असतं. ते समोर बसूनच विचारेन असं ठरवलं, आणि शेवटी लिहिलं: "परवा अकराला येते. तासभर बाळाला मी घेते, तू झोप नाहीतर निवांत अंघोळ कर. माझ्यासाठी चहा ठेवायचा नाही. जमणार नसेल तर नुसतं 'नको' लिही, बाकी उत्तर नको."