तुम्ही विचारलंत म्हणून: डीलरशिप गेल्यावरचं पत्र

“दादा, कंपनीने एका मेलवर एजन्सी काढून घेतली. गोदाम मालाने भरलंय, क्लेम अडकलेत. पत्रात नेमकं काय लिहू?”

पत्र दोन दिवसांनी लिहा, आधी माल मोजा. बॅच नंबर, एक्स्पायरी, पेट्या, खरेदीचा दर आणि कोणत्या बिलाने माल आला, सगळं कागदावर घ्या. त्याच दिवशी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून खातेउतारा, क्लेमचे रिपोर्ट आणि क्लोजिंग स्टॉक उतरवून ठेवा. एजन्सी गेली की लॉगिन बंद होतं. माझं तिसऱ्या दिवशी बंद झालं. तोवर मुलाने सगळं उतरवून घेतलं होतं, म्हणून पुढे बोलता आलं.

माझी एजन्सी बिस्किटांची होती, चौदा वर्षांची. पहिलं पत्र मी रात्री बसून लिहिलं. त्यात चौदा वर्षांचे कष्ट होते, नव्या माणसाला एजन्सी कशी दिली याचा राग होता आणि एजन्सी परत द्या अशी मागणी होती. वकिलांनी ते बाजूला ठेवलं. करार नोटीस देऊन संपवता येत असेल तर कोर्ट सहसा एजन्सी परत देत नाही, नोटीस न दिल्याची भरपाई देतं. इंडियन ऑईल विरुद्ध अमृतसर गॅस सर्व्हिस या खटल्यात सुप्रीम कोर्टाने नेमकं हेच धरलं: करारात तीस दिवसांची नोटीस होती, म्हणून भरपाईही तीस दिवसांच्या कमाईपुरतीच. माझ्याही करारात तीस दिवस होते. म्हणून दुसऱ्या पत्रात एजन्सी मागितली नाही, पैसे मागितले.

माल परत घेण्याचं कलम करारात नव्हतं. अनेकांच्या करारात नसतं आणि तिथेच माणूस खचतो. पण कंपनीच्या मेलमध्येच एक वाक्य होतं: आजपासून आमचा माल विकू नये, बोर्ड उतरवावा. पत्राचा सगळा जोर मी त्या वाक्यावर दिला. “आपण विक्री थांबवली आहे. हा माल आपल्याच ऑर्डरच्या टार्गेटवर उचललेला असून त्याचे पैसे आम्ही भरलेले आहेत. एक तर माल बिलाच्या दराने परत घ्यावा, नाही तर साठा संपेपर्यंत विकण्याची लेखी परवानगी द्यावी.” विकूही देणार नाही आणि परतही नेणार नाही, असं कंपनीला लिहून देता येत नाही.

त्याखाली हिशेब. माल 11 लाख 40 हजारांचा, मंजुरीच्या वाटेवरचे स्कीम आणि डॅमेजचे क्लेम 2 लाख 36 हजार, डिपॉझिट 3 लाख. यातून कंपनीचं माझ्याकडचं येणं 4 लाख 10 हजार वजा. निव्वळ येणं 12 लाख 66 हजार. स्वतःचं देणं लपवू नका. आपण कबूल केलं नाही तर कंपनी तेवढाच आकडा धरून बसते आणि डिपॉझिटला दिलेले कोरे चेक बँकेत टाकते. म्हणून “देणं वरील हिशेबात वळतं केलं आहे, चेक परत करावेत” हे वाक्य मी मुद्दाम घातलं. तरीही चेक वटला नाही म्हणून नोटीस आली, तर मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरायची मुदत असते. त्या नोटिशीला उत्तर टाळू नका, लगेच वकिलांकडे जा.

जीएसटीचा एक पेच आहे. कंपनी क्रेडिट नोट काढते तेव्हा मूळ बिल ज्या आर्थिक वर्षातलं, त्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच तिला त्यावरचा कर कमी करता येतो. माझा थोडा माल ही मुदत उलटून गेलेल्या बिलांचा होता. त्यासाठी पत्रात लिहिलं की तो आम्ही जीएसटी लावून आमच्या बिलाने कंपनीला परत देऊ. “आता क्रेडिट नोट निघत नाही” हे कारण त्यामुळे उरलं नाही.

शेवटी तारखा घातल्या: सात दिवसांत माणूस पाठवून एकत्र मोजणी, तीस दिवसांत पैसे. माणूस आला नाही तर आम्ही पंचांसमोर मोजून यादी पाठवू. मालाची एक्स्पायरी जवळ येतेय, त्यामुळे उशिराचं नुकसान कंपनीच्या माथी राहील, हेही लिहिलं. बिस्किटाच्या बाबतीत हे नुसतं लिहिणं नव्हतं, पेट्या खरंच मरत होत्या. पत्र करारातल्या पत्त्यावर आणि ज्या मेलवरून एजन्सी काढली त्या मेलवरही पाठवलं. एरिया मॅनेजरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर भरवसा ठेवला नाही.

माणूस नवव्या दिवशी आला. दोन महिन्यांच्या आतल्या एक्स्पायरीचा 90 हजारांचा माल त्याने घेतला नाही. क्लेममधले 65 हजार कापले, कारण दुकानदारांच्या सह्या असलेल्या पावत्या माझ्याकडे नव्हत्या. ते माझं चुकलं होतं. 11 लाख 11 हजार खात्यात आले आणि चेक हातात पडले, तेव्हाच मी “हिशेब पूर्ण” या कागदावर सही केली. तो कागद त्यांनी पहिल्याच दिवशी पुढे केला होता.