डेट-इक्विटी ०.६, कव्हरेज ६, आणि मधला व्याजदर

चाकण-भोसरी पट्ट्यातल्या लिस्टेड ऑटो कंपोनंट कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायचं काम चालू आहे. या वेळची नोंद एकाच तपासणीबद्दल आहे, कारण माझ्या वाचण्याच्या पद्धतीत तिने खरा फरक पाडला.

आमच्या पुण्यातल्या गटात बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले एक काका आहेत. कुणी दोन रेशो मांडले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "अरे, व्याजाचा दर काढलास का आधी?" म्हणजे वर्षभराचं व्याज भागिले सरासरी कर्ज. डेट-टू-इक्विटी हा ३१ मार्चचा एका दिवसाचा फोटो असतो, तर इंटरेस्ट कव्हरेज बारा महिन्यांचा हिशेब सांगतो. कर्ज आणि व्याज एकमेकांशी जुळतात का, हे दोन्ही रेशो सांगत नाहीत. ते हा दर सांगतो.

गटासाठी मी एक काल्पनिक कंपनी मांडली होती, तीच इथे देतो. सगळे आकडे कोटींत. नेटवर्थ ४००. लाँग टर्म कर्ज १८०, शॉर्ट टर्म ६०, एकूण २४०, म्हणून डेट-इक्विटी ०.६. करपूर्व नफा ५०, फायनान्स कॉस्ट १०. म्हणजे व्याज आणि करापूर्वीचा नफा ६०, आणि कव्हरेज ६. इथवर पाहून कुणीही ताळेबंद भक्कम म्हणेल.

आता दर काढू. वर्षाच्या सुरुवातीला कर्ज २२० होतं, म्हणजे सरासरी २३०. त्यावर १० कोटी व्याज म्हणजे ४.३ टक्के. रुपयातलं कर्ज या दराने मिळत नाही. मग उरलेलं व्याज गेलं कुठे? फायनान्स कॉस्टची नोट उघडायची. तिथे लिहिलेलं असतं: एकूण व्याज २१, वजा कॅपिटलाइज केलेलं ११, नफा-तोटा पत्रकात १०. आणि २१ भागिले २३० केलं की ९.१ टक्के येतात. हिशेब जुळला.

कंपनी नवा प्लांट उभारतेय. बांधकाम चालू असेपर्यंत त्या कर्जाचं व्याज प्लांटच्या किमतीत मिळवायचं, असं इंड-एएस २३ हे लेखामानक सांगतं. यात लबाडी नाही, किती रक्कम मिळवली ते जाहीर करणंही बंधनकारक आहे. पण बँकेला द्यायचे मात्र २१ कोटीच. त्यामुळे कव्हरेज ६० भागिले २१, म्हणजे २.९. नफ्यातले ६ कोटी इतर उत्पन्नाचे असतील तर तेही मी वगळतो. मग ५४ भागिले २१, म्हणजे २.६.

खरा कस लागतो तो प्लांट सुरू झाल्यावर. कॅपिटलाइज करणं थांबतं, सगळं व्याज नफा-तोटा पत्रकात येतं, आणि वर घसारा सुरू होतो. प्लांट १५० कोटींचा आणि यंत्रांचं आयुष्य १५ वर्षं धरलं तर वर्षाला साधारण १० कोटी. नव्या लाइनवर ग्राहकाची मंजुरी रखडली आणि पहिल्या वर्षी प्लांटने काहीच हातभार लावला नाही, तर ४४ भागिले २१, म्हणजे २.१. डेट-इक्विटी या सगळ्यात जवळपास जागची हलत नाही. म्हणून ताळेबंदात सीडब्ल्यूआयपी, म्हणजे अजून उभ्या होत असलेल्या प्लांटवरचा खर्च, मोठा दिसला की मी आता रेशोच्या आधी फायनान्स कॉस्टची नोट वाचतो.

दर कमी आला म्हणजे दरवेळी हेच कारण असतं असं नाही. कर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये उचललेलं असेल तर व्याज जेमतेम महिन्या-दोन महिन्यांचं लागतं. परकीय चलनातलं कर्जही स्वस्त दिसतं, पण मग चलनाचा तोटा कुठल्या ओळीत टाकलाय ते शोधावं लागतं.

उलटं चित्रही भेटतं. दर १४-१५ टक्के आला की मी आधी लीजकडे बघतो. १ एप्रिल २०१९ पासून इंड-एएस ११६ लागू झालं आणि लीजचं व्याज फायनान्स कॉस्टमध्ये येऊ लागलं. लीजची देणी मात्र कर्जाच्या ओळीत नसून वेगळी दाखवलेली असतात. ती मिळवूनही दर चढाच राहिला, तर ३१ मार्चला कॅश क्रेडिट तात्पुरतं खाली आणलेलं असू शकतं. अशा वेळी सप्टेंबरचा अर्धवार्षिक ताळेबंद घेऊन मार्च, सप्टेंबर, मार्च अशी तीन टोकांची सरासरी काढतो. सप्टेंबरचं कर्ज बरंच जास्त निघालं तर डेट-इक्विटी त्याच आकड्यावर मोजतो, मार्चच्या नाही.

बँका आणि एनबीएफसींना ही तपासणी मी लावत नाही, तिथे व्याज हाच कच्चा माल.

माझ्या शीटमध्ये आता डेट-इक्विटी आणि कव्हरेजच्या मध्ये दराचा एक कॉलम आहे, आणि शेजारी कॅपिटलाइज केलेल्या व्याजाचा. पुढचं काम सप्लायर फायनान्सचं: ट्रेड पेयेबल्समध्ये बसलेली पण व्याज खाणारी देणी कर्जात कशी धरायची, ते ठरवायचं आहे.