लेकीच्या लग्नाची रजा: तयारीचे दिवस वेगळे, विधींचे वेगळे

लेकीचं लग्न पुण्यात ठरलं आणि मी इथे लियाँमध्ये रजेचा अर्ज लिहायला बसले. फ्रान्सच्या श्रम संहितेत स्वतःच्या लग्नासाठी ४ दिवस आणि मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी आई-वडिलांना प्रत्येकी १ दिवस पगारी रजा आहे. काही क्षेत्रांच्या सामूहिक करारांत याहून जास्त मिळते, आमच्या करारात एकच. हा दिवस वार्षिक रजेतून कापला जात नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीतसुद्धा मुलीच्या लग्नाला अर्जित रजाच टाकतात, त्यामुळे मला तो एक दिवसही मोलाचा वाटला.

पहिला अर्ज मी आपल्या सवयीने लिहिला: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, कारण मुलीचं लग्न. मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी तो परत केला आणि समोर बसवून समजावलं. वार्षिक रजेवर असताना लग्न आलं, तर तो वेगळा दिवस मागता येत नाही. सगळं एकाच रजेत लिहिलं असतं तर माझा हक्काचा दिवस त्यातच विरून गेला असता. त्या म्हणाल्या, "लग्नाचा दिवस पहिल्यापासून वेगळ्या ओळीत मागा, आणि बाकीचे दिवस कशासाठी हवेत तेही सांगा."

मग आमच्यात लग्नाचा दिवस नक्की कोणता यावर बराच वेळ बोलणं झालं. फ्रान्समध्ये आधी नगरपालिकेत कायदेशीर विवाह होतो, धार्मिक विधी त्यानंतर. त्यामुळे त्या नोंदणीची तारीख विचारत होत्या, आणि आमची नोंदणी तर लग्नानंतर होणार होती. मी सांगितलं की १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. नोंदणी मागाहून झाली तरी प्रमाणपत्रावर लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात. हे त्यांना पटलं. आधी पत्रिका भाषांतरासह द्यायची आणि परतल्यावर प्रमाणपत्र, असं ठरलं. तुमच्यावर ही वेळ आली तर प्रमाणपत्रावरची नावं पारपत्राप्रमाणेच आहेत ना, हे तिथल्या तिथे तपासा.

दुसऱ्या अर्जात मी दोन भाग केले. लग्न शुक्रवारी होतं. विधींच्या भागात बुधवार, गुरुवार, शुक्रवार: बुधवारी ग्रहमख आणि देवक, गुरुवारी हळद आणि संध्याकाळी सीमांतपूजन, शुक्रवारी लग्न. देवक उठवणं शनिवारी होतं, तिथे रजेचा प्रश्न नव्हता. या तिघांपैकी फक्त शुक्रवार कायद्याच्या रजेतला, बाकी दोन वार्षिक रजेतले. तयारीच्या भागात त्याआधीचे सात कामाचे दिवस: आहेराच्या साड्या, दागिने सोनाराकडून आणणं, कार्यालयाचा हिशोब, केळवणं, रुखवत. लग्नानंतर आवराआवर आणि प्रवासासाठी तीन. म्हणजे कामाचे एकूण १३ दिवस, त्यातले १२ वार्षिक रजेतून.

साहेबांनी कागद वाचला तेव्हा या विभागणीचा खरा उपयोग कळला. तयारीच्या पहिल्या दोन दिवशी एका ग्राहकाचं काम संपवायचं होतं. एकच सलग रजा लिहिली असती तर त्यांनी सगळीच पुढे-मागे करायला सांगितलं असतं. इथे त्यांनी विचारलं, "हे सोमवार-मंगळवार सोडता येतील का?" आणि मी मनापासून हो म्हणाले. साड्या माझी जाऊ आणि धाकटी बहीण घेऊ शकत होत्या. बुधवारबद्दल मात्र मी सांगितलं की देवक बसवायला आम्हा दोघांनाच पाटावर बसायचं आहे, आणि एकदा देवक बसलं की ते उठेपर्यंत आम्ही घर सोडत नाही. त्यांनी तो भाग जसाच्या तसा मंजूर केला. वार्षिक रजेतले १२ दिवस १० वर आले.

एक गोष्ट मात्र मी चुकले. जातानाच्या प्रवासाचे दिवस तयारीतच धरले होते. दोन दिवस सोडल्यावर लग्नाच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी कामावरून सुटून निघाले आणि बुधवारी रात्री उशिरा घरी पोचले. पुढचे चार दिवस झोपेचं गणित बसलं नाही, आणि रुखवताची यादी मी रात्री तीनला उठून केली. प्रवासाची तिसरी ओळ हवी होती.

शुक्रवारी मंगलाष्टकं संपली, लाजाहोम झाला. सातव्या पावलाला मी लेकीच्या अगदी जवळ उभी होते. परतल्यावर प्रमाणपत्राची प्रत त्या बाईंना दिली, तेव्हा त्यांनी तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि फोटो दाखवायला सांगितले.