तुम्ही विचारलंत म्हणून: दोन रंगांतले फोटो

«चांगले रंगीत फोटो मिळाले असताना तुम्ही सगळ्यांवर तोच एक रंग का चढवता? आणि रंग चढवल्याने ते एकसारखे दिसतात, तर मग त्याला एवढा वेळ का लागतो?»

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिला विचारणारे बहुतेक जण खरं तर दुसराच विचारत असतात. वेळ लागतो, कारण रंग चढवल्याने फोटो एकसारखे दिसत नाहीत.

रंग चढवल्याने फक्त रंग सारखा होतो. एका कामासाठी स्टॉकमधून, म्हणजे विकत मिळणाऱ्या तयार फोटोंच्या संग्रहातून घेतलेले फोटो वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या हेतूंनी काढलेले असतात. एकात ट्यूबलाइटचा हिरवट पांढरेपणा असतो, दुसऱ्यात दिवे लागल्यावरचा पिवळेपणा. ते शेजारी ठेवले की वाचणाऱ्याला फोटोतला विषय दिसायच्या आधी त्यांचं न जमणं दिसतं. स्वतंत्र छायाचित्रण करून घ्यायला पैसे नसतात, म्हणूनच स्टॉक आलेलं असतं. अशा वेळी ड्युओटोन मदतीला येतो. फोटोतले मूळ रंग काढून टाकायचे, उरलेल्या राखाडी पट्टीच्या काळ्या टोकाला एक गडद रंग द्यायचा, पांढऱ्या टोकाला एक फिका, आणि मधलं सगळं त्या दोहोंच्या मधे वाटून द्यायचं. फोटोशॉपमधला ग्रेडियंट मॅप नेमकं एवढंच करतो. रंगीत फोटोवर अर्धपारदर्शक निळा थर टाकणं म्हणजे ड्युओटोन नव्हे. त्या थराखालून हिरवटपणा आणि पिवळेपणा डोकावत राहतो, आणि मग लोक म्हणतात की ही युक्ती काही चालत नाही.

२०१५ मध्ये स्पॉटिफायने आपलं रूप बदललं, त्यानंतर असे फोटो जिकडेतिकडे दिसायला लागले. तेव्हाची मी मानत होते की रंगांची जोडी अचूक निवडली की काम झालं. जोडी ठरवण्यात मी दिवस घालवायचे आणि फोटोंवर ती चढवायला काही मिनिटं. आज माझा वेळ बरोबर उलटा जातो. तरीही त्या जुन्या मीला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. दोन्ही टोकांच्या उजळपणात पुरेसं अंतर नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, हे तिला तेव्हाही कळत होतं. तिला दिसत नव्हता तो राखाडी फोटो.

आरोग्यसेवा देणाऱ्या एका संस्थेच्या कामाबद्दल सांगते, म्हणजे मी काय म्हणते आहे ते स्पष्ट होईल. रंगांची जोडी ठरली होती: गडद टोकाला निळा `#12233F`, फिक्या टोकाला सायीसारखा `#F2D9B8`. मुख्य पानावर तीन फोटो एका ओळीत यायचे होते. पहिला रुग्णालयाच्या पांढऱ्याशुभ्र मार्गिकेचा. दुसरा रात्रीच्या वॉर्डचा, एका दिव्याच्या उजेडातला. तिसऱ्यात खिडकीकडे पाठ करून उभी असलेली, निळ्या गणवेशातली, गडद वर्णाची एक परिचारिका.

पहिल्या दोन फोटोंची अडचण सोपी होती. हिस्टोग्राम हा फोटोतल्या उजळपणाचा आलेख उघडला की मीडियन दिसतो, म्हणजे अर्धे पिक्सेल ज्याहून गडद आणि अर्धे ज्याहून उजळ असतात ते मूल्य. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा अशा पट्टीवर मार्गिकेचा मीडियन २०० च्या आसपास होता, वॉर्डचा ३५ च्या. यांच्यावर तीच जोडी चढवली तर पहिला फोटो जवळजवळ सगळा सायीचा आणि दुसरा जवळजवळ सगळा निळा होतो. रंग तेच, पण बघणाऱ्याला दोन वेगळ्या कामांतले फोटो वाटतात. म्हणून आधी राखाडीतच लेव्हल्स या उजळपणा बदलायच्या साधनातली मधली खूण सरकवून मार्गिका १६० पर्यंत खाली आणली (मूल्य सुमारे ०.५२) आणि वॉर्ड ९० पर्यंत वर काढला (सुमारे १.९). दोन्ही १२५ वर आणून ठेवण्याचा मोह मी टाळते. रात्रीचा फोटो रात्रीचा वाटला पाहिजे, एका घरातल्या माणसांची उंची सारखी नसते. शिवाय १.९ च्या फार पुढे गेलं की फोटोची जेपेग फाइल लहान करताना उमटलेले, सावलीत लपलेले चौकोन वर येतात, आणि ड्युओटोनमध्ये ते जास्तच डोळ्यात भरतात, कारण लक्ष दुसरीकडे नेणारे रंगच उरलेले नसतात. तसं झालं तर मी तो फोटोच बदलते.

वेळ खाल्ला तो तिसऱ्या फोटोने.

परिचारिकेचा चेहरा फोटोत अगदी नीट दिसत होता, पण तो दिसत होता रंगामुळे. चेहऱ्याचा तपकिरी साधारण लाल ९२, हिरवा ५६, निळा ४०. गणवेश ६०, ९०, १४०. केस जवळजवळ काळे, ३०, २६, २४. रंगीत फोटोत तपकिरी आणि निळा यांच्यात गोंधळ व्हायचं कारणच नाही. आता नेहमीच्या सूत्राने राखाडी करा. त्यात हिरव्याला सुमारे ७२ टक्के वजन असतं, लालला २१ आणि निळ्याला जेमतेम ७. चेहरा ६२ वर येतो, गणवेश ८७ वर, केस २७ वर. गणवेश चेहऱ्याहून उजळ झाला, आणि मागे २५० वर खिडकी झगझगते आहे. नजर खिडकीवर जाते, तिथून गणवेशावर, आणि चेहरा केसांना लागून असलेला एक गडद भाग होऊन राहतो. त्यावर निळी-सायीची जोडी चढली की दोन्ही टोकं जवळ आल्यामुळे हे अंतरही आणखी आकसतं.

उपाय असा की राखाडी करताना वजनं स्वतः ठरवायची. फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये प्रत्येक रंगछटेला वेगळी पट्टी असते. नुसता लाल चॅनेल पाहिला तर चेहरा ९२, गणवेश ६० आणि केस ३०, म्हणजे क्रमच फिरतो आणि चेहरा पुढे येतो. मी पूर्ण लालवर गेले नाही, कारण लालमध्ये ओठ फिके पडतात आणि त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसते. लाल-पिवळा थोडा वर, निळा बराच खाली, खिडकी वेगळ्या मास्कने दाबलेली. मग तिन्ही राखाडी फोटो अंगठ्याएवढे करून शेजारी ठेवले. त्या आकारात चेहरा ओळखू आला तरच ग्रेडियंट मॅप. असे राखाडी मूळ फोटो तयार करून मी संस्थेकडे दिले, आणि संकेतस्थळावर रंग फक्त याच फोटोंवर चढवा असं लिहूनही दिलं.

संकेतस्थळ सुरू झालं त्या दिवशी मी ते उघडलं आणि परिचारिकेला चेहरा नव्हता.

कुणीतरी घाईत स्टॉकचे मूळ रंगीत फोटो थेट चढवले होते आणि ब्राउझरलाच `grayscale(1)` करायला सांगून वर दोन रंग टाकले होते. ते सूत्र सगळ्या फोटोंना तीच वजनं लावतं. मार्गिकेतला गोरा डॉक्टर स्वच्छ दिसत होता. तिच्या जागी उजळ खिडकीसमोर गणवेश घातलेली एक निळी सावली होती. मी फोन केला, राखाडी फोटो पुन्हा पाठवले, तिन्ही फाइलींची नावं सांगितली. बदलायला लागणारा वेळ चहा पिण्याइतकाही नव्हता. संध्याकाळी पुन्हा पाहिलं तर दुरुस्ती झाली होती: तिचा फोटो काढून तिथे हसऱ्या, गोऱ्या परिचारिकेचा फोटो लावला होता. मला सांगण्यात आलं की हा जास्त उठून दिसतो, आणि तुमच्या त्या रंगाच्या पद्धतीला गडद चेहरे झेपत नाहीत.

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. मी वाद घातला, आकडे दाखवले, दोन्ही रूपं शेजारी ठेवून पाठवली. फोटो परत आला नाही.

पद्धतीला चेहरे झेपत नाहीत असं नाही. तयार सूत्राला ते झेपत नाहीत, आणि सूत्र वापरणाऱ्याने फोटोकडे पाहिलेलं नसतं. हे मी ठामपणे म्हणते. पण हेही मान्य करते की रंगीत फोटो होता तसाच ठेवला असता तर ती बाई आज त्या पानावर असती. माझ्याच पद्धतीने तिचा चेहरा दिसणं कुणाच्या तरी काळजीवर अवलंबून केलं होतं, आणि ती काळजी माझ्यानंतर कुणी घेईल याची मला खात्री देता येत नव्हती. आता मी राखाडी फोटो वेगळे देत नाही, रंग चढवून पक्क्या केलेल्या फाइलीच देते. रंगांची जोडी पुढे कधी बदलायची झाली तर संस्थेला पुन्हा माझ्याकडे यावं लागतं. त्याबद्दल कुरकुर होते, ती मी ऐकून घेते.

दुसरी गोष्ट मला अजून सुटलेली नाही. लालचं वजन वाढवलं की चेहरा वाचता येतो, पण तो उजळही होतो. गडद त्वचा उजळवून देणं हे काम मला करायचं नाही. सध्या मी त्वचा शक्य तितकी कमी हलवते आणि आजूबाजूचं जास्त दाबते: आधी खिडकी, मग गणवेश, आणि शेवटी नाइलाज झाला तरच चेहरा. एका फोटोत अनेक माणसं असतील तर त्यांच्या वर्णांचा आपसातला क्रम आणि अंतर मूळ रंगीत फोटोशी ताडून पाहते. उलट्या उजेडातल्या फोटोत मात्र एवढं पुरत नाही. आजूबाजूचं दाबत गेलं की सगळा फोटो इतका गडद होतो की शेजारच्या दोघांत बसत नाही, आणि बसवायला गेलं की चेहऱ्याला हात लावावाच लागतो. माझ्या ओळखीतले एक छायाचित्रकार म्हणतात, असा फोटो निवडायचाच नाही. पण स्टॉकमध्ये गडद वर्णाच्या माणसांचे नीट उजेडातले फोटो शोधायला गेलं की निवड मुळातच अपुरी पडते, आणि त्यातून आणखी गाळत गेलं तर माझ्या हातूनही तेच होईल जे त्या संस्थेने केलं. म्हणून मी असे फोटो घेते, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्याची पट्टी किती सरकवायची यावर स्वतःशी नव्याने भांडते. वेळ तिथे जातो.