टोल्युइनचा जांभळा रंग जाईचना : माझा अनुभव

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला टोल्युइनपासून बेन्झोइक ऍसिड करायचं प्रॅक्टिकल होतं. आमच्या मॅन्युअलमध्ये ते चार ओळींत उरकलं होतं. त्यातली एक ओळ अशी: जांभळा रंग जाईपर्यंत रिफ्लक्स करा. या ओळीनं माझे तीन दिवस खाल्ले. रंग गेलाच नाही तर काय समजायचं, हे त्यात कुठंच नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. एप्रिल संपत आलेला, दुपारी लॅबच्या पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं. राउंड बॉटम फ्लास्कमध्ये 2.3 मिली टोल्युइन, 8 ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट, चिमूटभर सोडियम कार्बोनेट आणि 150 मिली पाणी घेतलं. उन्हाळ्यात आमच्या विहिरीत टाकतात तेच हे परमँगनेट, त्यामुळे त्याचा रंग लहानपणापासून ओळखीचा. 2 ग्रॅम टोल्युइनला हिशोबानं 6.8 ग्रॅम परमँगनेट पुरतं, म्हणजे थोडंच जास्त घेतलं होतं. जुळणी करून मँटल सुरू केलं. तिथवर सगळं सुरळीत होतं.

दोन तास झाले, फ्लास्क जांभळाच. तीन तासांनी लाइट गेली. दुसऱ्या दिवशी नव्यानं लावलं, चार तास उकळलं, तरी रंग तसाच. नुसतं फ्लास्ककडं बघून कळतही नाही, कारण तयार होणारा मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गाळ सगळं झाकून टाकतो. काचेच्या कांडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर टाकायचा. मधे तपकिरी डाग राहतो आणि परमँगनेट शिल्लक असेल तर त्याभोवती जांभळं कडं पसरतं. माझं कडं दर वेळी ठसठशीत यायचं. शेवटी कंटाळून गाळलं आणि ऍसिड टाकलं, तर तळाशी नखभर पांढरी भुकटी. ती वजन करण्याइतकीही नव्हती.

तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या भाऊंनी कंडेन्सरला हात लावला. म्हणाले, "पाणी तं गरम हाये गा टाकीचं. हे थंड करीन का?" मी वरच्या तोंडाशी नाक नेलं तर टोल्युइनचा वास भपकन आला. पत्र्यावरच्या टाकीतलं पाणी उन्हानं तापलेलं, आणि पाण्यासोबत टोल्युइनची वाफ 85 अंशांच्या आसपासच निघायला लागते. ती वाफ वर कोमट कंडेन्सरमधून निघून जात होती. ज्याच्याशी परमँगनेटनं झुंजायचं तेच फ्लास्कमध्ये उरलं नव्हतं, मग रंग कोण घालवणार? सुरुवातीला कंडेन्सरमधून तेलकट थेंब परत पडताना दिसतात. ते फार लवकर दिसेनासे झाले आणि रंग मात्र तसाच राहिला, तर टोल्युइन उडालं असं समजा. मी ही खूण पाहिली होती, पण तिचा अर्थ मला कोणी सांगितला नव्हता.

भाऊंनी बाजारातून बर्फाची लादी आणवली. बादलीत बर्फाचं पाणी भरून लहान पंपानं कंडेन्सरमधून फिरवलं. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, म्हणून दर पाच मिनिटांनी स्टँडसकट फ्लास्क हलवत राहिलो. साडेतीन तासांनी कडं गेलं.

त्या उकळण्याच्या वेळात सर शेजारी येऊन बसले. विचारलं, "मिथिलच्या जागी टर्शरी ब्युटाइल असतं तर? बर्फ असता तरी रंग गेला असता का?" मी म्हणालो, हो, कार्बन तर जास्त आहेत. सर म्हणाले, "जाणार नाही. का ते सांग." मी पाठ केलं होतं की साखळी कितीही लांब असो, शेवटी बेन्झोइक ऍसिडच मिळतं. हे असं का, ते पाठात नव्हतं.

सरांनी तीन आकडे लिहून दिले. रिंगला चिकटलेल्या कार्बनला बेन्झिलिक कार्बन म्हणतात. तिथला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला साधारण 375 किलोजूल लागतात. साध्या मिथिल गटात 420 च्या आसपास, आणि खुद्द रिंगवरच्या हायड्रोजनला 470. बेन्झिलिक बंध स्वस्त, कारण हायड्रोजन गेल्यावर जो सुटा इलेक्ट्रॉन राहतो तो एका कार्बनवर अडकून पडत नाही. तो रिंगमध्ये पसरतो, दोन ऑर्थो आणि एका पॅरा जागेपर्यंत. भार वाटला गेला की रॅडिकल टिकतं. परमँगनेटचा पहिला घाव याच बंधावर बसतो.

इथाइलबेन्झीन घेतलं तर घाव टोकाच्या मिथिलवर पडत नाही, रिंगशेजारच्या कार्बनवर पडतो. तिथं आधी अल्कोहोल, मग किटोन म्हणजे ऍसिटोफिनोन, आणि त्यानंतर दोन कार्बनमधला बंध तुटतो. म्हणून फिनाइलऍसिटिक ऍसिड मिळत नाही, बेन्झोइकच मिळतं. टर्शरी ब्युटाइलमध्ये रिंगशेजारच्या कार्बनला तीन मिथिल लागलेले, हायड्रोजन एकही नाही. घाव घालायला जागाच नाही. बाकीचे नऊ हायड्रोजन महाग. फार जबरदस्ती केली तर आधी रिंगच फुटते. रिंगवर OH किंवा NH₂ असेल तेव्हाही हाच धोका, म्हणून क्रेसॉलला हे प्रॅक्टिकल लावू नका.

एम.एस्सी.ला एन-ब्रोमोसक्सिनिमाइड, म्हणजे एनबीएस, वापरून ब्रोमिनेशन केलं तेव्हा हेच आकडे कामी आले. ब्रोमिन रॅडिकल हायड्रोजन उचलतो तेव्हा त्याला H–Br बंधाचे फक्त 366 किलोजूल परत मिळतात. बेन्झिलिकवर तोटा नऊचा, साध्या मिथिलवर पन्नासच्या वर, रिंगवर शंभराच्याही वर. म्हणून तो निवडून बेन्झिलिकच उचलतो. क्लोरिनला 431 मिळतात, त्याला निवडायची तेवढी गरज पडत नाही. एनबीएस ब्रोमिन थोडं थोडं सोडतं, आणि आम्ही ते कार्बन टेट्राक्लोराइडमध्ये 200 वॅटच्या बल्बखाली उकळलं. एनबीएस तळाशी बसतं आणि तयार झालेलं सक्सिनिमाइड वर तरंगतं. तळ रिकामा झाला की झालं. परमँगनेटच्या कड्यापेक्षा ही खूण मला फार सोपी वाटली. बेन्झिल ब्रोमाइड मात्र डोळ्यांत झोंबतं, ते फ्यूम हूडमध्येच करा.

परत टोल्युइनकडं. गरम असतानाच गाळा, नाहीतर गाळणी चोंदते. फिल्ट्रेटमध्ये जांभळी झाक उरली तर सोडियम बायसल्फाइटचे दोन-चार कण टाका. मग पीएच 2 येईपर्यंत हायड्रोक्लोरिक ऍसिड घाला आणि भांडं बर्फात ठेवा. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात बेन्झोइक ऍसिड बरंच विरघळून राहतं, बर्फात ते पांढऱ्या चकचकीत पापुद्र्यांसारखं खाली बसतं. हिशोबानं 2.6 ग्रॅम मिळायला हवं, मला 1.7 मिळालं. मेल्टिंग पॉइंट 121 ते 122 आला तेव्हा मी थर्मामीटर भाऊंनाही दाखवला.

हो, एक राहिलं. फ्लास्कला आतून जो तपकिरी थर बसतो तो घासून जात नाही. बायसल्फाइटच्या द्रावणात थोडं पातळ ऍसिड घालून आत फिरवा, मिनिटभरात काच स्वच्छ होते. सल्फर डायऑक्साइडचा वास येतो, म्हणून हे खिडकीशी करा.